पहाटे चारच्या गाडीसाठी संध्याकाळचं पीठ

नाशिकला रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलांपुढे रांगा लागायच्या आत लादीपावाची क्रेटं मागच्या दाराने आत येऊन पडलेली असतात. हे पाव कधी केले, असं विचारलं तर कोणीही ‘पहाटे’ म्हणून सांगेल, आणि भाजण्यापुरतं ते खरंही आहे. पण त्याच गाडीतून किराणा दुकानात उतरलेल्या स्लाइस ब्रेडचा मैदा आदल्या संध्याकाळी सहाच्या आधी पाण्याला लागलेला असतो. मधले दहा-अकरा तास बेकरीत कोण कधी येतं आणि कोण कधी जातं, हे मालक कागदावर लिहितो खरा, पण त्या वेळा ठरवतं पीठ. रात्रीचं हे वेळापत्रक कसं बनतं, कशाने बिघडतं आणि त्याचा आपल्यासारख्या गिऱ्हाइकांशी काय संबंध आहे, ते नीट उलगडून सांगण्यासारखं आहे.

समजण्यासाठी नाशिकजवळची एक मध्यम बेकरी धरू. एक मोठा मिक्सर, ट्रॉली जशीच्या तशी आत ढकलता येते असा एक रोटरी ओव्हन, गोळे पाडायचं यंत्र, ब्रेड कापायचं यंत्र आणि चार ‘छोटा हत्ती’ टेम्पो. माल मुख्यतः दोन प्रकारचा, चारशे ग्रॅमचा स्लाइस ब्रेड आणि लादीपाव. इगतपुरी आणि सिन्नर लाईनच्या गाड्या पहाटे चारला निघतात, निफाड-पिंपळगावची साडेचारला आणि शहरातली सव्वापाचला. या चार वेळा पक्क्या. दुकानदाराला साडेसहाला माल मिळाला नाही तर तो शेजारच्या कंपनीचा ब्रेड ठेवतो, आणि एकदा फळीवरची जागा गेली की ती परत मिळवायला महिने जातात. म्हणून हिशोब करायचा तो गाडी निघण्याच्या वेळेपासून मागे मागे.

आधी ब्रेड. चारच्या गाडीसाठी साडेतीनला क्रेटं भरलेली हवीत. म्हणजे शेवटच्या घाण्याचा ब्रेड तीनला कापायला घेतला पाहिजे. आता इथे पहिली अडचण येते, आणि बेकरीबाहेरच्या माणसाला ती सहसा ठाऊक नसते. ब्रेड ओव्हनमधून निघाला की लगेच कापता येत नाही. बाहेर येताना त्याचा गाभा ९५ अंशांच्या आसपास असतो आणि आत ओलसर वाफ कोंडलेली असते. तसाच कापला तर पातं गाभा ओरबाडतं, स्लाइस चिकटतात, वडी बसते. तसाच पिशवीत भरला तर वाफेचं पाणी प्लास्टिकच्या आतून सुटतं आणि दोन दिवसांत हिरवी बुरशी दिसू लागते. म्हणून गाभा ३५-४० अंशांवर येईपर्यंत ब्रेड जाळीवर उघडा ठेवावा लागतो. त्याला जवळपास दोन तास लागतात. एप्रिल-मे महिन्यात खोलीच तापलेली असली की त्याहूनही जास्त.

म्हणजे शेवटचा घाणा एक वाजता ओव्हनबाहेर हवा. भाजायला अर्धा तास, म्हणून साडेबाराला आत. त्याआधी साच्यात भरलेलं पीठ प्रूफरमध्ये, म्हणजे ३८ अंशांच्या दमट उबदार खोलीत, तासभर फुगतं. ते साडेअकराला आत गेलं पाहिजे. वजनाचे गोळे पाडणं, त्यांना थोडा आराम देणं, लाटून-वळून साच्यात घालणं यात अर्धा तास जातो, म्हणजे अकरा. त्याआधी मळलेलं पीठ वीस मिनिटं मेजावर पडू द्यायचं आणि मळायला पंधरा मिनिटं, म्हणजे दहा पंचवीस.

आता वाटेल की रात्री दहाला सुरू करून भागेल. भागत नाही, कारण चांगल्या ब्रेडचं पीठ दोनदा मळतात. पहिल्या वेळी मैद्याचा साठ-सत्तर टक्के भाग, पाणी आणि यीस्ट एवढंच घेऊन सैलसर कालवतात. त्याला ‘स्पंज’ म्हणतात. हा स्पंज साडेतीन तास आंबतो, दुपटीहून जास्त वर येतो, मग त्याचा माथा जरा खाली बसू लागतो. माथा बसला की तो तयार झाला असं समजायचं. मग उरलेला मैदा, मीठ, साखर, वनस्पती तूप घालून दुसरी मळणी. दहा पंचवीसच्या मळणीसाठी म्हणून स्पंज सात वाजायच्या दहा मिनिटं आधी कालवायला घ्यावा लागतो.

आणि हा झाला शेवटचा घाणा. ओव्हनमध्ये एक घाणा भाजून बाहेर काढायला आणि दुसरा आत ढकलायला पस्तीस मिनिटं लागतात. ब्रेडचे तीन घाणे असतील तर पहिला सत्तर मिनिटं आधी, म्हणजे अकरा वीसला ओव्हनमध्ये गेला पाहिजे. त्याचा स्पंज संध्याकाळी पाच चाळीसला. मळणी करणारा म्हणूनच साडेपाचला कामावर येतो. बाकी बेकरी तेव्हा रिकामी असते.

हे पस्तीस मिनिटांचं अंतर फार महत्त्वाचं आहे. नवखा माणूस विचार करतो, स्पंज तीन आहेत ना, मग एकदमच तिन्ही कालवून टाकू आणि मोकळे होऊ. मिक्सर ते करू देतो, ओव्हन करू देत नाही. तिन्ही एकाच वेळी तयार झाले की ओव्हन एकालाच घेणार, दुसरा पस्तीस मिनिटं थांबणार आणि तिसरा सत्तर. साच्यात फुगून तयार झालेलं पीठ सत्तर मिनिटं थांबू शकत नाही. ते फुगतच राहतं, त्याची जाळी ताणून पातळ होते आणि ओव्हनमध्ये ढकलताना ट्रॉलीला नुसता धक्का लागला तरी बसतं. म्हणून अनुभवी मिस्त्री मिक्सरकडे बघून मळणीची वेळ लावत नाही. ओव्हन ज्या गतीने माल गिळतो, त्या गतीने तो मिक्सरला पीठ मळायला लावतो.

पावाचं गणित वेगळं. पावाचं पीठ बहुतेक ठिकाणी एकदाच मळतात. पंधरा मिनिटं मळणी, तासभर आंबवण, अर्ध्या तासात गोळे आणि ट्रे भरणं, सव्वा तास प्रूफर, आणि गरम ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं. पाव कापायचे नसतात, पिशवीत बंद करायचे नसतात, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात क्रेटमध्ये जाऊ शकतात. चारच्या गाडीचे पाव पावणेतीनला बाहेर आले तरी चालतं, म्हणून पहिल्या घाण्याची मळणी रात्री साडेअकराला. नंतर दर वीस मिनिटांनी एक, असे पाच घाणे. पाचवा बारा पन्नासला मळायला घेतला की तो पहाटे चार-पाचच्या सुमाराला म्हणजे चार वाजून पाच मिनिटांनी बाहेर येतो आणि शहराच्या गाडीला मिळतो. ब्रेडचा शेवटचा घाणा एकला निघाल्यापासून पावाचा पहिला घाणा अडीचला आत जाईपर्यंत ओव्हन रिकामा राहतो. त्या दीड तासात बन आणि फ्रूट बन काढून घेतात. तापलेला ओव्हन रिकामा ठेवणं म्हणजे डिझेल फुकट जाळणं.

या हिशोबातून माणसांच्या वेळा आपोआप बाहेर पडतात. मळणीवाला साडेपाच ते एक. त्याला सात ते सव्वानऊ अशी मोठी फट मिळते. तेवढ्यात तो जेवतो आणि पुढच्या घाण्यांचं मीठ-साखर-मैदा मोजून ठेवतो. गोळे आणि साच्यांवरची मंडळी साडेनऊला येतात, कारण पहिलं पीठ मेजावर हात लावण्याजोगं होतं ते नऊ पन्नासला. ओव्हनवाला साडेदहाला येऊन ओव्हन तापवायला घेतो. कापणं आणि पॅकिंग करणारे दीडला, कारण पहिला ब्रेड एक पन्नासच्या आधी निवत नाही. ड्रायव्हर साडेतीनला येतात आणि लाईनच्या उलट्या क्रमाने क्रेटं लावतात, शेवटच्या दुकानाची सगळ्यात आत.

पुष्कळ बेकऱ्यांत असं होत नाही. सगळ्यांना रात्री आठला बोलावलं जातं, कारण हजेरी घ्यायला ते सोपं पडतं. मग पॅकिंगची माणसं दीड वाजेपर्यंत साचे पुसत, डुलक्या काढत बसतात आणि खरं काम सुरू होतं तेव्हा ती साडेपाच तास जागलेली असतात. ब्रेड कापायच्या यंत्राच्या पात्यांजवळ रात्री तीन वाजता पेंगुळलेला हात असणं हे धोक्याचं आहे, आणि २२० अंशांच्या ओव्हनमधली ट्रॉली ओढणाऱ्यालाही तेच लागू आहे. टप्प्याटप्प्याने बोलावलं तर कोणालाच आठ-नऊ तासांपेक्षा जास्त थांबावं लागत नाही. माझ्या मते रात्रपाळीच्या बेकरीत माणुसकी असेल तर ती आधी या वेळांच्या कागदावर दिसली पाहिजे.

आतापर्यंतचं गणित घड्याळाचं झालं. पण हे सगळं ‘साडेतीन तास’, ‘एक तास’ हे आकडे एका अटीवर खरे आहेत, ती म्हणजे पिठाचं तापमान. दही लावणाऱ्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही. उन्हाळ्यात जे चार-पाच तासांत लागतं, त्याला थंडीत रात्र पुरत नाही. यीस्टचंही तसंच. साधारण ३५ अंशांपर्यंत दर आठ-दहा अंशांना त्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, आणि ५५-६० अंशांच्या पुढे ते मरतं. नाशिकला जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि एप्रिल-मेमध्ये दिवसा चाळिशीला टेकतो. एकाच वेळापत्रकावर बारा महिने बेकरी चालवायची म्हटली, तर पिठाला बाहेरचा ऋतू कळू देता कामा नये.

यासाठी बेकरीवाल्याच्या हातात एकच स्वस्त साधन असतं, पाणी. मैद्याचं तापमान गोदामावर अवलंबून असतं आणि खोलीचं हवेवर. मिक्सरच्या घर्षणाने पीठ तापतं, तेही टळत नाही. पाणी मात्र हवं तसं गार किंवा गरम करता येतं. किती, हे काढायचा हिशोब जगभरच्या बेकऱ्यांत एकच आहे. मळून झालेल्या पिठाचं तापमान जितकं हवं त्याची तिप्पट करायची, त्यातून मैद्याचं तापमान, खोलीचं तापमान आणि घर्षणाचे अंश वजा करायचे. उरतं ते पाण्याचं तापमान. घर्षणाचा आकडा प्रत्येक मिक्सरचा वेगळा असतो. काही दिवस मोजून तो एकदा पक्का करून घ्यावा लागतो.

मे महिन्यातली एक रात्र घेऊ. पावाचं पीठ २७ अंशांवर हवं, तिप्पट ८१. मैदा ३२, खोली ३०, घर्षणाचे १२, बेरीज ७४. उरले ७. म्हणजे पाणी ७ अंशांचं हवं, आणि नळाला येतंय ३० अंशांचं. इथे बर्फ लागतो. चाळीस किलो मैद्याच्या घाण्याला चोवीस किलो पाणी घालायचं असेल, तर त्यातलं किती बर्फाच्या रूपात द्यायचं? एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो, त्यावरून हिशोब बसतो. नळाचं पाणी आणि हवं असलेलं पाणी यांतला फरक २३ अंशांचा. २४ ला २३ ने गुणायचं आणि नळाच्या तापमानात ८० मिळवून आलेल्या ११० ने भागायचं. उत्तर पाच किलो. म्हणजे एकोणीस किलो पाणी आणि पाच किलो बारीक फोडलेला बर्फ. बारीक फोडलेलाच हवा, कारण मळणी संपेपर्यंत न विरघळलेला खडा नंतर पिठात ओला, चिकट डाग सोडतो.

जानेवारीत हाच हिशोब उलटा जातो. मैदा १६, खोली १५, घर्षण १२, बेरीज ४३. ८१ मधून ४३ गेले, उरले ३८. तेव्हा पाणी कोमट करून घ्यायचं. पण यीस्ट घट्ट वडीचं असेल तर ते वेगळ्या साध्या पाण्यात कालवावं, घाईत उकळतं पाणी ओतलेल्या बादलीत टाकू नये.

यात एक बारकावा आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांची समजूत अशी की रात्री हवा गार होते, म्हणजे काम सोपं. पण ब्रेडचा स्पंज कालवला जातो संध्याकाळी पाच चाळीसला, तेव्हा गच्चीवरची टाकी दिवसभराच्या उन्हाने तापलेली असते. दिवसभराचं सगळ्यात गरम पाणी नेमकं त्या वेळी नळाला येतं, आणि पत्र्याखालच्या गोदामातला मैदाही तेव्हाच सगळ्यात गरम असतो. म्हणजे सर्वात जास्त काळ आंबणारं पीठ दिवसातल्या सर्वात वाईट वेळी सुरू होतं. त्यामुळे बर्फाची गाडी रात्री नऊला येत असेल तर तिचा उपयोग पावाला, ब्रेडला नाही. बर्फ पाचच्या आत यायला हवा. ज्या बेकरीत उन्हाळ्यात ब्रेड बिघडतो आणि पाव चांगला येतो, तिथे आधी हे तपासावं.

बर्फ आलाच नाही तर काय होतं? वरच्याच हिशोबाने, ३० अंशांच्या पाण्याने मळलेलं पावाचं पीठ जवळपास ३५ अंशांवर जातं. तासाची आंबवण पाऊण तासाच्या आत उरकते. गोळे पाडणारे अजून मागच्या घाण्यावर असतात, ट्रे प्रूफरमध्ये गेले तरी ओव्हन मोकळा नसतो, आणि पाचव्या घाण्यापर्यंत ही घाई वाढत वाढत अर्ध्या तासावर जाते. असा पाव ओळखता येतो. तो ट्रेमध्ये बघायला मोठा दिसतो, पण भाजल्यावर वर फिकट राहतो, कारण रंग येण्यासाठी लागणारी साखर यीस्टने आधीच खाल्लेली असते. बाजू सुरकुततात, जाळी मोठी आणि कोरडी असते, तोडला की आंबूस वास येतो आणि संध्याकाळपर्यंत चुरा होतो. थंडीत कोमट पाणी न घेतल्यास उलट. पीठ २० अंशांच्या आसपास राहतं, घड्याळाप्रमाणे ओव्हनमध्ये ढकललं तर पाव लहान आणि जड होतो, रंग लालसर गडद चढतो, आणि आतलं पीठ शेवटच्या क्षणी फुगायला बघतं म्हणून कडेने फाटतो.

म्हणूनच चांगला मिस्त्री घड्याळ बघतो पण ट्रॉली सोडतो ती बोटाच्या परीक्षेवर. प्रूफरचं दार उघडून तो मधल्या ट्रेमधल्या एका पावाच्या कडेला बोटाचं टोक हलकेच दाबतो. खळगा झटकन भरून आला तर अजून कच्चं आहे. हळूहळू, अर्धवट भरून येत असेल तर ट्रॉली आत. खळगा तसाच राहिला किंवा आजूबाजूचा भागही खाली गेला, तर उशीर झालेला आहे. मधलाच ट्रे का, तर वरचे ट्रे उबेने आधी फुगतात आणि खालचे मागे राहतात. मळणीच्या वेळीही अशीच परीक्षा असते. पिठाचा लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी ताणत न्यायचा. दिव्यापुढे धरल्यावर पलीकडची बोटं दिसतील इतका पातळ पडदा न फाटता आला, की मिक्सर बंद. ही पाच सेकंदांची कामं आहेत, पण रात्रीच्या घाईत तीच आधी सुटतात.

एक चूक मात्र दोन्ही परीक्षांच्या आधी पकडावी लागते, मीठ विसरण्याची. मिठाने यीस्टचा वेग आवरला जातो आणि पिठाला ताण येतो. मैद्याच्या दोन टक्क्यांहून कमी लागणारं हे मीठ राहिलं, तर पीठ हाताला चिकट आणि ढिलं लागतं आणि नेहमीपेक्षा फार लवकर वर येतं. शंका आली की चिमूटभर कच्चं पीठ जिभेवर ठेवून बघायचं. तेव्हाच कळलं तर मीठ घालून पुन्हा मळता येतं. गोळे पडल्यावर काही करता येत नाही.

वीज जाते किंवा ओव्हनचा बर्नर अडतो तेव्हा काय करायचं, हा रात्रपाळीचा खरा कस. समजा पहाटे तीनला ओव्हन अर्धा तास बंद पडला. घाबरलेली माणसं जे हाती येईल ते वाचवायला धावतात. पण त्यात क्रम आहे. प्रूफरमधले ट्रे सर्वात आधी, कारण त्यांच्याकडे वेळच नाही. ती ट्रॉली बाहेर काढून सर्वांत गार जागी, दार उघडून हवेवर ठेवायची. त्याच्या मागचं, ज्याचे गोळे अजून पडायचे आहेत, ते पीठ दाबून हवा काढून पुन्हा गोळा करून ठेवायचं. त्याने वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. आणि मिक्सरमध्ये पुढचा घाणा घालायचा राहिला असेल तर तो थांबवायचा. न मळलेला मैदा खराब होत नाही. अडचण ओव्हनची असताना मिक्सर चालूच ठेवणं ही सर्वात महाग पडणारी चूक आहे. तीनला सगळी मळणी संपलेली असते हे खरं, पण हाच बिघाड बाराला झाला तर शेवटचे दोन-तीन घाणे या एका निर्णयाने वाचतात. सोबत ड्रायव्हरला आणि लांबच्या दुकानांना फोन करून चारची गाडी साडेचारला येईल हे सांगायचं. दुकानदार उशीर समजून घेतो, न कळवलेला उशीर समजून घेत नाही.

लाकडाच्या भट्टीवर हे वेळापत्रक आणखी वेगळं असतं. तिथे भट्टी एकदा तापवली की उष्णता उतरत जाते, त्यामुळे कडक आच लागणारा पाव आधी आणि मंद आचेवर वाळणारे टोस्ट, बिस्किटं नंतर, हा क्रम बदलता येत नाही. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. खर्चाची चर्चा खूप झाली. पण इंधन बदललं की रात्रीचा सगळा क्रमही नव्याने बसवावा लागतो, हे क्वचितच बोललं गेलं. गॅस किंवा विजेच्या ओव्हनला मधेच आच वाढवता येते आणि कमीही करता येते, त्यामुळे ब्रेड आधी की पाव आधी हे गाडीच्या वेळेवरून ठरवता येतं. कारागिरांच्या अंगवळणी पडलेला क्रम मात्र एका दिवसात बदलत नाही.

रात्र टाळताच येणार नाही का? हा प्रश्न जुना आहे. फ्रान्सने १९१९ साली कायदा करून बेकऱ्यांत रात्री दहा ते पहाटे चार काम करायला बंदी घातली होती, आणि १९२५ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बेकरीतल्या रात्रीच्या कामाविरुद्ध स्वतंत्र करारच केला. वेगळ्या वाटेने इंग्लंडमधल्या चोर्लीवुड इथल्या संशोधकांनी १९६१ मध्ये वेगवान मिक्सरने तीन-चार तासांची आंबवणच काढून टाकायची पद्धत आणली. वेळ वाचला, पण संथ आंबवणीतून येणारी चव त्यात उरत नाही. तिसरा मार्ग थंडीचा आहे. गोळे वळून झालेले ट्रे तीन-चार अंशांच्या शीतखोलीत ठेवले की यीस्ट जवळपास झोपतं आणि दुपारी वळलेला माल पहाटे बाहेर काढून फुगवून भाजता येतो. महागड्या बनांना आणि क्रोसाँला हे परवडतं. स्वस्तातल्या लादीसाठी हजारो पावांची शीतखोली उभारणं मध्यम बेकरीला आज जमण्यासारखं नाही. पण निदान एक घाणा मावेल एवढी शीतखोली असली, तरी ओव्हन अडलेल्या रात्री ती मोलाची ठरते.

आता गिऱ्हाइकांचा, म्हणजे हॉटेलवाले, कँटीनवाले, लग्नाचे केटरर आणि किराणा दुकानदार यांचा संबंध. रात्री नऊला फोन येतो, ‘उद्या वीस ब्रेड जास्त टाका.’ बेकरीवाला नाही म्हणाला की तो अडवून बोलतोय असं वाटतं. पण नऊ वाजता ब्रेडचे तिन्ही स्पंज आंबत असतात. त्यात आणखी मैदा घालता येत नाही, आणि नवा स्पंज तेव्हा कालवला तर तो ब्रेड कापून तयार होईल पहाटे साडेपाचच्या सुमाराला, गाड्या गेल्यावर. मालकाने भिडेपोटी हो म्हटलं तर तो त्याच पिठाचे लहान गोळे पाडतो किंवा ब्रेड गरम असतानाच कापून भरतो, आणि दोन दिवसांनी बुरशीची तक्रार येते. पावाचं तसं नाही. त्याची मळणी साडेअकराला सुरू होते, त्यामुळे रात्री दहा-साडेदहापर्यंत सांगितलेली वाढ सहज बसते, फक्त शेवटच्या घाण्याच्या गाडीत.

म्हणून ज्यांना रोज ब्रेड लागतो त्यांनी दुसऱ्या दिवसाची ऑर्डर दुपारी चारच्या आत द्यावी, पावाची रात्री दहाच्या आत. सणावाराची किंवा लग्नाची मोठी ऑर्डर असेल तर आदल्या दिवशी सकाळीच कळवावं, म्हणजे बर्फ आणि माणसं दोन्ही वेळेत येतात. आणि ब्रेड विकत घेताना पिशवीच्या आतून पाण्याचे थेंब दिसले, तर तो पाकीट दुकानदाराला परत करून सांगा की हा गरम भरलेला आहे. त्याने तो निरोप गाडीबरोबर बेकरीला पोचवला पाहिजे.